रोजचे सेफ्टी शूज एका रात्रीत वाळवताना

लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सेफ्टी शूजचा वर्षाला एकच जोड मिळतो. प्लांटमध्ये दुसरं काही घालून चालत नाही. सकाळी सातला पायात चढवलेला बूट संध्याकाळी सहाला निघतो, आणि पुन्हा सात वाजेपर्यंत तो वाळला तर वाळला. मार्च-एप्रिलमध्ये फारसं काही करावं लागत नाही. जून लागला की मात्र आठवड्याभरात वास सुरू होतो. परशुराम घाट उतरून बस चिपळूणला पोचेपर्यंत गाडीत कुणी नाडी सैल केली तरी शेजारच्याला कळतं. आमच्यातले बरेच जण बुटात पावडर मारतात, कुणी डांबराच्या गोळ्या ठेवतं, कुणी अत्तराचा फवारा. दोन दिवस बरं वाटतं, मग वास आणि अत्तर दोन्ही मिळून येतात. गेल्या पावसाळ्यात मी या गोष्टीच्या मुळाशी जायचं ठरवलं, आणि आता माझा जोड पावसाळाभर वास न येता चालतो.

सुरुवात मी बूट दुरुस्त करणाऱ्या काकांपासून केली. बाजारपेठेत त्यांची बसायची जागा आहे आणि त्यांनी आयुष्यभर बूट उसवले आहेत. त्यांना म्हटलं, "काका, बूट वरून कोरडा लागतो आणि तरी वास येतो, पाणी असतं तरी कुठे?" त्यांनी दुरुस्तीला आलेला एक जुना सेफ्टी शू घेतला, सुखतळा उपसून बाजूला ठेवला आणि खालचा थर नखाने खरवडून दाखवला. "ही पाटी बघा. पुठ्ठ्यासारखी असते. पाणी पिते पटकन, सोडते सावकाश. आणि इथे पुढे लोखंडी टोपी. वरून वाफ जायला वाट नाही, खालून रबर. चवड्यात गेलेलं पाणी तिथेच बसतं." त्या बुटाच्या टाचेकडची पाटी करडी आणि टणक होती. चवड्याखालची काळसर पडली होती, आणि काकांनी अंगठा दाबला तर बोटाचा ठसा उठला. बूट त्यांच्याकडे चार दिवस पडून होता.

हे बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण बूट नेहमी चुकीच्या जागी चाचपतो. हात घोट्यापाशी आणि टाचेत फिरतो आणि तिथे कोरडं लागतं. ओल असते ती बोटं जातात त्या टोकाला, टोपीच्या खाली, आणि वारा तिथे पोचतच नाही. बुटाला एकच तोंड आहे, त्यामुळे पंखा समोर लावला तरी हवा तोंडावरूनच परतते.

बूट खरंच वाळला की नाही हे कळायला मी वजन करायला लागलो. बायको केकसाठी वापरते तो डिजिटल काटा घेतला. "अहो, आधी पिशवी घाला त्याच्यावर," एवढं सांगून तिने तो दिला. सलग दोन कोरड्या सुट्ट्या मिळाल्यावर उजवा बूट सुखतळा काढून ६४० ग्रॅम भरला. हे माझं कोरडं वजन. जुलैतल्या एका साध्या दिवशी, म्हणजे पाऊस बुटात शिरला नव्हता आणि ओल फक्त घामाची होती, संध्याकाळी तोच बूट ६७१ भरला. रात्रभर नेहमीप्रमाणे दाराशी ठेवून सकाळी पुन्हा वजन केलं तर ६६०. म्हणजे ३१ ग्रॅम पाण्यातलं वीसएक ग्रॅम तसंच आत, आणि त्यावर मी पुन्हा पाय घालणार होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आणखी वर गेला. आठवडाभर ही शिल्लक वाढत राहते आणि वासही तसाच वाढत जातो. हात लावून कळलं नसतं ते काट्याने एका रात्रीत सांगितलं.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तळपायावर घामाच्या ग्रंथी दाट असतात, आणि त्या घामात, झडलेल्या कातडीत जे काही मिळतं त्यावर आपल्या त्वचेवर नेहमीच राहणारे जिवाणू जगतात. ल्यूसीन नावाचं अमिनो आम्ल मोडून ते आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात, आणि शिळ्या ताकासारखा तो आंबूस वास त्याचा असतो. जिवाणूंना ऊब, ओल आणि खाणं या तीन गोष्टी लागतात. ऊब आपण टाळू शकत नाही. ओल रात्रीत घालवता येते आणि खाणं आठवड्याला धुऊन काढता येतं. अत्तर या तिन्हींतल्या एकालाही हात लावत नाही.

आता रात्रीचा क्रम सांगतो. घरी आल्यावर नाडी फक्त सोडत नाही, वरच्या तीन-चार भोकांतून ओढून काढतो, म्हणजे जीभ पूर्ण पुढे वाकते आणि तोंड रुंद होतं. सुखतळा लगेच बाहेर काढतो. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, कारण सुखतळा आत असेपर्यंत पाटीवर झाकण राहतं. तो भिंतीला उभा टेकवून ठेवतो, आडवा नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागतो.

मग वर्तमानपत्र. एका पानाचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा सैल चुरगळायचा आणि पहिला गोळा बोटांनी थेट टोपीखाली ढकलायचा. गच्च ठासला तर कागद वरवरच भिजतो आणि आतली हवा अडते. पाऊस बुटात शिरला असेल त्या दिवशी पहिले कागद अर्ध्या-पाऊण तासात चिंब होतात. ते काढून दुसरे घालायचे, आणि जेवण झालं की तेही काढून टाकायचे. कागद रात्रभर आत ठेवायची पद्धत मी बऱ्याच घरांत बघितली आहे. पण ओला कागद बुटात राहिला की तो पाणी धरून बसतो आणि वाऱ्याची वाट बंद करतो. कागदाचं काम उभं पाणी टिपण्यापुरतं आहे. फक्त घामाची ओल असेल तेव्हा मी कागद घालतच नाही, थेट वाऱ्याकडे जातो.

वाऱ्यासाठी मी एक सोपी जुळणी केली. जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा एका पुठ्ठ्याच्या खोक्याच्या बाजूला बसवला आणि पडून असलेल्या राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला जोडला. अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा पंख्यावरच्या आकड्यापेक्षा मोठा आहे ना, एवढं बघून घेतलं. खोक्याच्या वरच्या बाजूला दोन भोकं पाडून त्यांत सव्वा इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे तिरके बसवले, वरची टोकं तिरपी कापली आणि बाकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. बूट पालथा घालून पाइप चवड्याच्या दिशेने आत जाईल असा टेकवायचा. हवा पाइपमधून टोपीपर्यंत जाते, तिथून उलटी फिरते आणि घोट्याकडून बाहेर पडते. टोक तिरपं असल्यामुळे ते बुटाच्या आतल्या बाजूला टेकलं तरी बंद होत नाही. या पंख्याचा जोर कमी असतो, म्हणून पाइप आखूड आणि रुंदच हवा. अर्धा इंची लांब नळी लावली तर पलीकडे झुळूकही येत नाही. पंखा दोन-तीन वॉटवर चालतो आणि रात्रभर चालू ठेवला तरी तापत नाही.

पहिल्या रात्री नुसत्या पंख्यावर ६७० चा बूट सकाळी ६५० पर्यंत आला. दाराशी ठेवण्यापेक्षा बरंच बरं, पण पूर्ण नाही. कारण हवेत होतं. जुलैत आमच्या घरात काचेवरही ओल धरते, आणि आधीच पाण्याने भरलेली हवा बुटातलं पाणी सावकाश उचलते. हवा थोडी तापवली की तीच हवा जास्त पाणी उचलू शकते. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा पाच अंशांनी तापली की तिची आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. एवढी ऊब घरात फुकट मिळते ती फ्रिजजवळ. आमच्या फ्रिजच्या बाजूचा पत्रा कोमट असतो, म्हणून खोका असा सरकवला की पंखा त्या फटीतली हवा ओढेल. फ्रिजची फट मात्र बुजवायची नाही, त्यालाही वारा लागतो. त्या रात्रीनंतर सकाळी ६४३-६४४ ग्रॅम यायला लागलं. तीन-चार ग्रॅम राहिले तर चालतं. कातडं आणि पाटी हवेतून तेवढी ओल घेतच असतात.

ऊब एवढीच पुरे. कातडं आणि सोल चिकटवणारा गोंद जास्त उष्णता सोसत नाहीत. आमच्या शिफ्टमधल्या एका दादांनी ओले बूट गॅसच्या शेगडीच्या कडेला ठेवले होते. सकाळी कातडं पापडासारखं कडक झालं होतं, आणि पंधरा दिवसांत पायाच्या घडीवर चीर पडून चवड्यापाशी सोल उघडा झाला. माझा नियम असा की आत हात घातल्यावर कोमट लागलं तर ठीक, गरम लागलं तर बंद. कडक उन्हालाही तोच नियम. उन्हात सुखतळा जरूर ठेवावा, पण बूट सावलीतल्या वाऱ्यालाच बरा. ऊन चवड्याच्या आत पोचत नाही, ते वरचं कातडं मात्र सुकवून टाकतं. पॉलिशही बूट पूर्ण वाळल्यावरच. ओल्या कातड्यावर मेण चढलं की आतल्या ओलीला बाहेर पडायला आणखी एक अडसर होतो.

एवढं नियमित करायला लागल्यावर नव्याने वास वाढणं थांबलं. पण जुना वास बुटात होताच, आणि तो नुसत्या वाळवण्याने जात नाही. त्यासाठी रविवार धरला.

शनिवारी रात्री सुखतळे बादलीत कोमट पाणी आणि चमचाभर धुण्याची पावडर घालून अर्धा तास भिजवले आणि जुन्या टूथब्रशने घासले. पाणी करडं झालं. ते पाणी बघितल्यावर जिवाणू कशावर जगत होते ते वेगळं सांगायला नको. पिळताना सुखतळा मुरगाळायचा नाही, दोन टॉवेलांमध्ये घालून वर उभं राहायचं. बूट मात्र पाण्यात बुडवला नाही. पाटी एकदा पूर्ण भिजली की वाळायला दोन-तीन दिवस जातात. पावडरच्याच पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळलं आणि आतलं अस्तर, पाटी, टोपीखालची पोकळी बोटाने पुसून काढली, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसली. लगेच पंख्यावर चढवला.

रविवारी सकाळी बूट कोरडा झाल्यावर मेडिकलमधून आणलेल्या सत्तर टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस ओला करून आतलं अस्तर पुन्हा पुसलं. सत्तर टक्के मुद्दाम, कारण थोडं पाणी असलं की अल्कोहोल जिवाणूंवर शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगलं काम करतं. पृष्ठभाग अर्धा-एक मिनिट ओला राहिला पाहिजे, नुसता हात फिरवून उपयोग नाही. आणि मळ आधी निघालेला हवा, नाहीतर जिवाणू मळाच्या थराखाली सुखरूप राहतात. काळ्या कातड्याचा रंग जीभेच्या आतल्या कोपऱ्यात तपासून घेतला, तिथे कापसाला रंग लागला नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातल्या समईपासून लांब करायचं, कारण वाफ पेट घेते.

खाण्याचा सोडा सगळ्यांत शेवटी. त्याच्याबद्दल आमच्याकडे खूप गैरसमज आहे. सोडा जिवाणू मारत नाही. तो अल्कधर्मी असल्यामुळे वासाच्या आम्लाशी जुळून त्याचं क्षार करतो, आणि क्षार हवेत उडत नाही म्हणून वास बंद होतो. ओल्या बुटात तो टाकला तर गोळे होऊन अस्तराला चिकटतो, दुसऱ्या दिवशी घामात विरघळून पायाला खाज आणतो आणि कातडं राठ करतो. म्हणून मी तो जुन्या पातळ मोज्यात भरतो, प्रत्येक बुटाला तीन चमचे, गाठ मारून मोज्याचं टोक टोपीखाली सरकवतो आणि रविवारी दिवसभर ठेवतो. वाळलेल्या सुखतळ्यावर मात्र सरळ भुरभुरवतो आणि रात्री झटकून टाकतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायची एक पद्धत ऐकली होती. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांनाच संपवतात आणि बुटाला दोघांचाही उपयोग उरत नाही.

वास गेला की नाही हे आपल्या नाकाला नीट कळत नाही, ते सरावलेलं असतं. माझी तपासणी अशी: बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, अर्धा तास कोमट जागी ठेवायचं, आणि पिशवी दुसऱ्या कुणाला तरी उघडायला द्यायची. पहिल्या रविवारी मुलीने मान फिरवली. दुसऱ्या रविवारी म्हणाली, "बाबा, आता वास येतोय पण वेगळाच. बंद कपाटासारखा." तिचं बरोबर होतं. आंबूस वास जिवाणूंचा आणि कुबट वास बुरशीचा, दोन्ही वेगळे. टॉर्च लावून बघितलं तर डाव्या बुटाच्या टोपीखाली पाटीवर पांढरट ठिपके होते. तिथे टूथब्रशने घासून अल्कोहोलने दोनदा पुसलं आणि तो बूट दोन रात्री जास्त वेळ पंख्यावर ठेवला, मग तोही वास गेला. ठिपके काळे असते आणि पाटी मऊ पडली असती, तर मी तो जोड सोडून दिला असता. काकांच्या त्या बुटासारखी पाटी एकदा कुजली की वरून काहीही केलं तरी आठवड्यात वास परत येतो.

पायाचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो सोडता येत नाही. बूट स्वच्छ आणि पाय तसेच असतील तर जिवाणू पहिल्याच दिवशी परत बुटात जातात. संध्याकाळी साबणाने बोटांच्या बेचक्यांत धुऊन टॉवेलने बेचके कोरडे करतो. मोजे मी दोन जोड नेतो आणि जेवणाच्या सुट्टीत बदलतो. संध्याकाळचं वजन त्यानंतर दहा-बारा ग्रॅमने कमी यायला लागलं, कारण तेवढा घाम मोज्यांतून पिशवीत गेला. शुद्ध सुती मोजा पाणी पितो आणि पायाला चिकटून धरून ठेवतो. थोडा कृत्रिम धागा मिसळलेला जाडसर मोजा मला जास्त बरा वाटला.

हे सगळं करूनही वास राहत असेल तर पाय धुतल्यावर, कातडी ओली असतानाच, टाच आणि चवड्याचा तळवा उजेडात बघावा. टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे दिसले तर तो त्वचेचा जिवाणू संसर्ग असतो. दिवसभर बंद बुटात ओले पाय ठेवणाऱ्यांना तो होतो, आणि सोडा किंवा तुरटीने बरा होत नाही. आमच्या बॉयलर हाउसमधल्या एकाला तो निघाला. त्याने दोन वर्षं बुटांवर पैसे घातले होते. त्वचेच्या डॉक्टरांनी लावायला अँटिबायोटिक मलम दिलं आणि बूट रोज कोरडे ठेवायला सांगितलं, तेव्हा काही आठवड्यांत खड्डे भरले. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर तळव्याला चीर, फोड किंवा खड्डा दिसला की घरगुती काही न लावता थेट डॉक्टरांकडे जावं.

आता स्टोअरमधून नवा जोड घेताना मी दोन गोष्टी बघतो. सुखतळा सुटा निघतो का, आणि हात घातल्यावर टोपीखालचं अस्तर कापडी लागतं की रेक्झिनसारखं गुळगुळीत. सुखतळा चिकटवलेला असेल तर बदलून मागतो. शिवाय त्याच मापाचे सुखतळ्यांचे दोन जादा जोड बाजारातून आणले आहेत. बूट एकच असला तरी सुखतळा रोज वेगळा, आणि कालचा सुखतळा आज घरी पूर्ण दिवस वाळत राहतो.